परवानगीचा रकाना

रात्रपाळी करून आलेल्या नर्सला सकाळी फक्त उशी दिसते. त्या आठवड्यात मीही घरी येऊन तशीच आडवी व्हायचे. शाळेला सुट्टी असलेली माझी नऊ वर्षांची लेक फोनवर खेळत बसायची. फोन उघडायला तिनं मला उठवू नये म्हणून तिचा अंगठा मीच त्यात नोंदवून ठेवला होता. केवढं हे शहाणपण!

गुरुवारी बँकेचे मेसेज पाहिले आणि झोपच उडाली. खेळातल्या हिऱ्यांची एकवीस वेळा खरेदी झाली होती, आणि त्यात घरभाड्याचे पैसे गेले होते. मी तडक बँकेला फोन लावला. हे व्यवहार मी केलेले नाहीत, कुणी केले माहीत नाही, असं सांगून मोकळी झाले. लेकीचं नाव घ्यायला जीभ रेटेना. त्यांनी कार्ड बंद करून तक्रार नोंदवली.

दोन दिवसांनी तक्रार विभागातल्या बाईंचा फोन आला. आवाज माझ्याइतकाच दमलेला. खरेदी माझ्याच फोनवरून, अंगठा लावून झाली होती, असं त्या म्हणाल्या.

"ताई, घरात लहान मूल आहे का?"

"आहे," मी म्हणाले. लाज वाटली.

"मग याला चोरी कशी म्हणायची? आपलेच दात, आपलेच ओठ. आधी ही तक्रार लेखी मागे घ्या. ती उघडी असेपर्यंत ॲप स्टोअरवाले तुमचं ऐकणार नाहीत. मग त्यांच्याकडे परतावा मागा, आणि लवकर मागा, त्यांची मुदत असते."

तक्रार मागे घेतल्यावर स्वयंपाकघरातच स्टोअरचा फॉर्म उघडला. तारखा सांगायला लेकीला शेजारी बसवलं. खरेदी कोणी केली? घरातल्या अल्पवयीन मुलानं. पुढचा प्रश्न होता, तुमच्या परवानगीनं केली का?

"आई, मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तू हो म्हणालीस."

मला आठवलं. पहिल्या दिवशी ती पलंगाशी येऊन काहीतरी विचारत होती. मी डोळेही न उघडता म्हणाले होते, हो गं, घे काय ते, पण झोपू दे. काय घ्यायचंय ते ऐकलंच नव्हतं.

'हो' लिहिलं तर भाडं बुडालं. झोपेतल्या होकाराला कोण परवानगी म्हणतं, अशी मी मनाची समजूत घातली आणि 'नाही' निवडलं. तिनं ते वाचलं.

चार दिवसांत पैसे परत आले. तिचा अंगठा मी फोनमधून काढून टाकला आणि भाडं भरलं.

शाळा सुरू झाल्यावर तिच्या दप्तरात सहलीचा कागद सापडला. पालकांच्या सहीची तारीख उलटून गेली होती. मला वाईट वाटलं, रागही आला.

"अगं, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं," ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "तरी मी विचारलंच नाही, असंच तू लिहिलं असतंस."