पाच तारखेचा तक्ता

अहवालातली ती आडवी रेघ दोन मिलिमीटर लांब होती. मी पट्टी लावून मोजली. रकान्याच्या मधोमध, जिथे आकडा असायला हवा तिथे, आणि अशा एकोणीस.

अहवाल विहिरींचा. एक संस्था दर महिन्याला एकशे बेचाळीस विहिरींमध्ये फीत सोडून पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे ते मोजते आणि पाच तारखेला अकरा पानांची पीडीएफ तिच्या संकेतस्थळावर टाकते. आमच्या कार्यालयात त्या पीडीएफमधले आकडे एका तक्त्यात उतरवले जातात, आणि त्यावरून कोणत्या गावाला टँकर जायचा ते ठरतं. हे उतरवण्याचं काम सोळा वर्षं अक्कांकडे होतं.

अक्का पानं छापून घेत. लाकडी पट्टी ओळीखाली ठेवायची, आकडा पुटपुटायचा, टंकायचा, पट्टी खाली सरकवायची. दीड दिवस लागे. त्या दीड दिवसात त्यांच्याशी बोलायची साहेबांचीही टाप नव्हती.

मी रुजू झाल्यावर याच कामासाठी प्रोग्रॅम लिहिला. तो रोज सकाळी सहाला संस्थेच्या संकेतस्थळावर नवा अहवाल आला का बघतो. आला असला तर पानांवरच्या उभ्या-आडव्या रेषांवरून तक्ता ओळखतो, आकडे उचलतो, आमच्या साठ्यात भरतो, आणि भिंतीवरच्या पडद्यावरचा डॅशबोर्ड आपोआप बदलतो. त्यावरच्या नकाशात प्रत्येक विहिरीचा एक ठिपका: पाणी वर असलं तर निळा, खोल गेलं तर लाल. अक्का डॅशबोर्डला फळा म्हणत आणि प्रोग्रॅमला 'तुझा तो'.

"तुझ्या त्याला चहा विचारलास का?" त्या सकाळी येता येता विचारत.

सात महिने आम्ही दोन्ही चालू ठेवलं होतं. प्रोग्रॅम भरायचा, अक्काही भरायच्या, मी दोन्ही ताडून बघायचे. साहेब दर महिन्याला विचारत की हाताने भरणं कधी थांबवायचं, आणि मी दर महिन्याला म्हणे की अजून एकदा बघू.

खरं कारण वेगळं होतं. अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच येत, म्हणजे नेमके पाच तारखेच्या आसपास. त्यांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं की आता लांबवू नका. अक्कांची मुलगी मला फोन करून कळवळायची: आईला जिना उतरताना पायरी दिसत नाही, तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं की अक्का म्हणत, "आणि तक्ता कोण बघणार? तुझा तो?"

गेले तीन महिने ताडून बघताना फरक निघत होते. चूक प्रोग्रॅमची नव्हती. अक्कांनी आठाचा तीन केला होता, सहाचा पाच. मी काही न बोलता त्यांच्या तक्त्यात दुरुस्त्या करून ठेवल्या. हे त्यांना तोंडावर सांगण्यापेक्षा प्रोग्रॅम इतका बिनचूक करायचा की त्या आपणहून निर्धास्त होतील, असा माझा बेत होता.

आठव्या महिन्यात ऊन तापलं आणि एकोणीस रेघा आल्या.

मी नऊला पोचले तेव्हा अक्का पडद्याला नाक लावून उभ्या होत्या. आकडे त्यांना दिसत नसले तरी रंग दिसत होता.

"हे डोंगराकडचे ठिपके निळे कसे गं?"

मी जवळ गेले. सगळ्यात उंचावरची, सगळ्यात कोरडी गावं गडद निळी झाली होती. त्यांच्या विहिरींत पाणी शून्य मीटर खाली, म्हणजे काठोकाठ भरलेलं.

मी पीडीएफ उघडली. त्या चौकटींत आकड्यांऐवजी रेघा होत्या. आकडा नसलेल्या जागी शून्य भरायची ओळ मीच लिहिली होती, सरासरी काढताना अडू नये म्हणून. सात महिने एकही चौकट आकड्यावाचून आली नव्हती, त्यामुळे ती ओळ कधी जागीच झाली नव्हती.

"रेघ म्हणजे विहीर कोरडी," अक्का म्हणाल्या. "चौकट रिकामी म्हणजे फीतवाला तिथे पोचलाच नाही. हे काही अहवालात लिहिलेलं नसतं. मी त्यालाच फोन करून विचारलं होतं, पहिल्या वर्षी."

टँकरची यादी अकराला निघायची. अक्कांनी यादीवाल्याला फोन लावून सांगितलं की फळ्याकडे बघू नकोस, मी सांगते तशी लिही. आणि एकोणीस गावं तोंडपाठ सांगितली. दर उन्हाळ्यात आधी आटणारी तीच गावं, त्यांना कागदाची गरज पडली नाही.

मग त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी.

"शेवटच्या पानावर सरासरी छापलेली असते, कोरड्या विहिरी सोडून काढलेली. ती कुणासाठी असते गं, शोभेसाठी?"

"मी ती वाचतच नव्हते, अक्का."

"एवढी शिकलीस आणि ताळा घ्यायला विसरलीस." मग आवाज खाली आला. "आणि गेल्या महिन्यात माझे पाच आकडे दुरुस्त केलेस. तक्ता माझा आहे, मला कळणार नाही होय?"

"अक्का, ते मी..."

"राहू दे. तू माझं झाकलंस, मी तुझं झाकते. पण त्या गावांना दोघींचा काय उपयोग? लिही."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. रेघ आली तर आकडा भरायचा नाही, वेगळ्या रकान्यात 'कोरडी' लिहायचं. चौकट रिकामी असली तर 'मोजली नाही'. पाणी विहिरीच्या तळापेक्षा खोल दिसलं तर काहीतरी चुकलंय. ओळी एकशे बेचाळीसच हव्यात, एकही कमीजास्त नको. शेवटी छापलेल्या सरासरीशी ताळा. यातलं काहीही बिघडलं तर नवे आकडे फळ्यावर जाऊ द्यायचे नाहीत. जुने तसेच ठेवायचे, वर पिवळी पट्टी लावून त्यावर ते कोणत्या महिन्याचे आहेत ते लिहायचं आणि आम्हाला कळवायचं.

"म्हणजे तो अंदाज करणार नाही?" त्यांनी दोनदा विचारलं.

"नाही. थांबेल."

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आम्ही दोघी पोचलो तेव्हा पडद्यावर पिवळी पट्टी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोप आला होता: पान सात, तेराऐवजी चौदा ओळी, एका ओळीला विहीर क्रमांक नाही.

अक्कांनी सातवं पान मोठं करून मागितलं. अक्षरं बोटाएवढी झाल्यावर लाकडी पट्टी पडद्यावर टेकवली आणि सवयीने पुटपुटत खाली सरकल्या. नवव्या ओळीशी थांबल्या आणि हसायला लागल्या.

"गावाचं नाव लांबलचक. मावलं नाही म्हणून अर्धं खाली उतरलंय. तुझ्या त्याला वाटलं, दुसरी विहीर."

क्रमांक नसलेली ओळ वरच्या ओळीला जोडायची, एवढंच करायचं होतं. मी ते केलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एकशे बेचाळीस. सरासरी जुळली. कोरड्या विहिरी तेवीस, राखाडी रंगात. पिवळी पट्टी गेली.

अक्कांनी पडद्यावरचे राखाडी ठिपके बोटाने मोजले. छापलेली अकरा पानं त्यांच्या मेजावर तशीच होती, लाकडी पट्टी पडद्यापाशी राहिली होती.

"कळलं नाही तेव्हा थांबला," त्या म्हणाल्या. "रेटून नाही नेलं."

मी चहा आणायला उठले. माझ्या पाठीमागे त्यांनी फोन लावला. मुलीलाच असावा, कारण पलीकडून काही बोलणं सुरू झालं आणि त्यांनी ते मध्येच तोडलं.

"ऐक. डॉक्टरांना सांग, पुढच्या महिन्यात डोळा करायचा. हो, पाच तारीखच घे."