पत्रिकेखालची गाय

लातूरच्या त्या छोट्या ऑफिसात दुपारच्या चहाला सगळे हसत होते. हसण्यासारखंच घडलं होतं.

मंजुश्री आणि तिचे वरिष्ठ रविकांत सर यांनी मिळून एका दूध संघासाठी 'गोठामित्र' तयार केला होता. शेतकऱ्यानं व्हॉट्सॲपवर जनावराची तक्रार लिहायची, गोठामित्रानं ती वाचून साधा उपाय सांगायचा, आणि काम गंभीर वाटलं तर जवळच्या फिरत्या गाडीतल्या डॉक्टरला तत्काळ निरोप द्यायचा. नांदेडकडच्या काही गावांत त्याची चाचणी सुरू होती. कोण काय पाठवतं आणि गोठामित्र काय उत्तर देतो, ते मंजुश्रीच्या स्क्रीनवर सरकत राहायचं.

"हे बघा सर," ती म्हणाली, "अर्धापूरकडच्या एका काकांनी सप्त्याची अख्खी पत्रिका पाठवली. आणि आपल्या गोठामित्रानं काय लिहिलं? 'निमंत्रणाबद्दल मनःपूर्वक आभार. राम कृष्ण हरी.'"

"वा!" रविकांत सरांनी कपातला चहा सांडता सांडता वाचवला. "माणसापरीस यंत्राला शिस्त जास्त. तुला कधी कुणी सप्त्याला बोलवलंय का गं?"

"मला बोलवायला कशाला लागतंय? मी न बोलावताच जाते की."

ते खरं होतं. मंजुश्रीच्या घरी मठाची परंपरा. आई शरणम्मा लहानपणापासून तिला शिवकीर्तनाला घेऊन जायची. टाळ वाजायला लागले की आजही तिचे पाय आपोआप तिकडं वळत.

चाचणीत अशा गमती रोजच्याच होत्या. लोक जे पाठवत ते पुस्तकात बसणारं नसे. सुरुवातीला तर नुसत्या जोडलेल्या हातांच्या चित्रानंच गोंधळ घातला होता. रविकांत सरांनी त्या हातांचा अर्थ 'आभार' असा धरला होता, आणि आभार आले की संभाषण बंद. पण इकडचा माणूस बोलणं सुरू करायच्या आधी हात जोडतो. म्हशीचं दूध का आटलं हे विचारायला आलेल्या माणसानं नमस्कार केला, की गोठामित्र म्हणे, 'आपली सेवा करता आली, आनंद वाटला,' आणि दार लावून मोकळा! मग मंजुश्रीनं ते बदललं. सुरुवातीला आलेले हात म्हणजे राम राम. उत्तर मिळाल्यावर आलेले हात म्हणजे आभार. आणि मधेच आले तर स्वतः ठरवायचं नाही, विचारायचं.

कप खाली ठेवताना तिची नजर पुन्हा त्याच नंबरवर गेली. संघाच्या नोंदीप्रमाणे तो नंबर अण्णाराव या शेतकऱ्याचा होता. पत्रिकेच्या आधीही त्यांनी काही पाठवलं होतं. तिनं वर सरकवलं.

सगळ्यात आधी एक कोरा मेसेज. व्हॉट्सॲप रिकामा मेसेज जाऊ देत नाही, पण कुठून तरी कॉपी करताना न दिसणारं अक्षर चिकटून आलं की असा कोरा फुगा येतो. गोठामित्रानं ते अक्षर गाळलं, खाली काही उरलं नाही, तेव्हा त्यानं नीट विचारलं होतं, 'आपला मेसेज कोरा आला. कोणतं जनावर, काय त्रास, लिहून किंवा बोलून सांगा.'

मग जोडलेले हात. मग एक आवाजी मेसेज. आणि मग पत्रिका. सगळं एकापाठोपाठ, दम न खाता.

"सर, आमंत्रण देणारा माणूस अशी घाई करतो का हो?"

"तुझी आपली शंका. आवाजात काय होतं बघ."

आवाजाचं लिखाण करणाऱ्या यंत्रणेनं एकच ओळ लिहिली होती : 'आमचं चॅनेल सबस्क्राइब करा.' रविकांत सरांनी कपाळावर हात मारला. नुसता गोंगाट असला की ती यंत्रणा असली वाक्यं मनानंच रचते, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चाळणी लावली होती : भरवसा कमी असेल तर ती ओळ धरायची नाही, सांगायचं की आवाज नीट आला नाही, कृपया लिहून पाठवा. गोठामित्रानं तसंच सांगितलं होतं. आणि काकांनी लिहून पाठवलं होतं. काय, तर पत्रिका.

मंजुश्रीनं मूळ आवाज लावला. आधी वारा. वाऱ्यात एक लांब, घोगरा हंबरडा. त्याच्यामागं एका बाईचा रडवेला आवाज, "धीर धर गं माय माझे..." आणि आवाज तुटला.

ऑफिसातलं हसू जागच्या जागी थांबलं.

"फोन लाव," रविकांत सर म्हणाले.

तिनं लावला. पलीकडून उचलला, पण नुसतं खरखर. "हॅलो काका, हॅलो!" पुन्हा लावला, लागलाच नाही. शेतात बोलण्यापुरती रेंज नसते, मेसेज मात्र कसाबसा निसटून जातो.

"पण मग पत्रिका कशाला पाठवली?" सर म्हणाले. "त्यात तर नुसते बुवा, मृदंगाचार्य आणि अन्नदात्यांची नावं आहेत. मी वाचली ना."

"तुम्ही कुठवर वाचली?"

"इथं दिसतेय तेवढी."

मंजुश्रीला मठ आठवला. आदल्याच दिवशी ती मठात बसली होती. बुवांनी नमन केलं, गुरूंचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, कुणाकुणाला आशीर्वाद दिले. ती उठायला लागली तर आईनं पदर धरून खाली बसवलं होतं. "बस की गं. बुवा अजून मुद्द्यावर कुठं आलेत?"

"सर," ती म्हणाली, "गोठामित्राला आपण किती वाचायला देतो? मोठा मेसेज असला की पहिला तुकडा घेतो आणि पुढचं कापून टाकतो. त्यानं पत्रिकेचं नुसतं तोंड बघितलं. आणि आपल्या स्क्रीनवर पण तोच तुकडा दिसतोय."

"मूळ मेसेज साठवलेला आहे. उघड, उघड."

तिनं उघडला आणि सरकवत गेली. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन. विणेकरी. चोपदार. काल्याचा महाप्रसाद. विनीत, समस्त गावकरी मंडळी. त्याच्याही खाली, कुठलाही टिंब-विराम न देता, लिहिलं होतं :

'साहेब गाय अडली हाय पहिलारू हाय सकाळपासून कळा देऊन राहिली वासराचं तोंड दिसतंय एक पाय दिसतोय दुसरा न्हाई गावातला डाक्टर लग्नाला गेला नाल्याच्या पलीकडं चिंचेपाशी गोठा लौकर या'

मंजुश्रीनं डॉक्टर अमरनाथांना फोन लावला. संघाच्या फिरत्या गाडीवर त्या भागात तेच होते.

"डॉक्टर, अण्णारावांची गाय अडलीय. तोंड आलंय, एक पाय आत दुमडलाय वाटतं."

"अगं, मी त्यांच्या शेजारच्याच गावात हाय की! मला निरोप कसा न्हाई?"

"नंतर सांगते. तुम्ही निघा. नाल्याच्या पलीकडं, चिंचेपाशी."

"निघालो. त्यांना कळव, वासराला ओढू नका म्हणावं. एक पाय आत असताना ओढलं तर दोघांचंही अवघड होईल."

गोठामित्राला बाजूला करून मंजुश्रीनं स्वतः लिहिलं : 'काका, तुमचा मेसेज पूर्ण वाचला. डॉक्टर निघालेत. तोवर वासराला ओढू नका. गाईजवळ गर्दी नको. मी मंजुश्री, इथंच आहे.'

उत्तरात जोडलेले दोन हात आले.

आता त्या हातांचा अर्थ काय? समजलं? आभार? का अजून विनवणीच? रविकांत सरांनी तिच्याकडं बघितलं, तिनं सरांकडं. कुणालाच हसू आलं नाही.

मग काहीच येईना. चहाचे कप तसेच पडले. सर उठून पंख्याचं बटण उगाच खालीवर करून आले. मंजुश्री ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होती.

"काय पुटपुटतेस?"

"तुम्ही पण म्हणा. फुकट आहे."

सर येऊन शेजारी बसले. मग त्यांचेही ओठ हलले.

स्क्रीनवर आवाजी मेसेज उमटला. यंत्रणेनं त्याखाली इमानेइतबारे लिहिलं : 'पाहिल्याबद्दल धन्यवाद.' मंजुश्रीनं ते वाचलंच नाही, सरळ आवाज लावला.

वारा होताच. पण वाऱ्यात आता एक बारीक, कोवळा आवाज होता. आणि मघाचीच बाई हसत, रडत ओरडत होती, "अवो बगा की! उभी ऱ्हायली! गौरी गाईनं चाटून चाटून उभी केली!" मागून डॉक्टरांचा आवाज आला, "केवळाबाई, आधी मला हात धुवायला पाणी द्या, मग नाचा!"

मंजुश्रीनं डोळे पुसले. रविकांत सरांनी तिच्याकडं पाठ करून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

रेंज मिळाल्यावर अण्णारावांनी फोन केला. "पोरी, तूच का ती मंजुश्री? तुला उशीर झाला न्हाई, माझंच लिहिणं लांब."

"काका, एक विचारू? गाईचा जीव जाऊन राहिला होता आणि तुम्ही आधी अख्खी पत्रिका पाठवली?"

"मग? मोकळ्या कागदावर एकदम रडगाणं लिहायचं व्हय? आमच्यात आधी देवाचं नाव असतंय वर. माझ्या फोनात तेवढीच एक पत्रिका हाय देवाच्या नावाची. कायबी लिहायचं असलं की ती घेतो, आन् खाली आपलं लिहितो. पहिल्यांदा तर ती चिकटलीच न्हाई, नुसतं कोरं गेलं."

"सगळ्यांना असंच पाठवता?"

"हाव. जावयाला बी. आमची केवळा म्हनती, तो वाचतच न्हाई. मला वाटायचं, माणूस गर्विष्ठ हाय."

संध्याकाळपर्यंत दोघं कामात होते. रविकांत सर म्हणाले, "तोंड आणि शेवट, दोन्ही देऊ गोठामित्राला."

"आणि मुद्दा मधे असला तर? तुकडे करू सर. प्रत्येक तुकड्यात जनावराचा त्रास शोधायचा, शेवटच्यापासून सुरुवात. काहीच सापडलं नाही तर आभार मानायचे नाहीत. विचारायचं, 'एवढ्यात तुमची अडचण कोणती?' आणि एकाच नंबरवरून कोरं, हात, न कळलेला आवाज असं लागोपाठ आलं, तर थेट माणसाकडं."

"खर्च वाढेल."

"वाढू द्या."

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी जुनी पत्रिका नव्या मांडणीतून पुन्हा सोडून बघितली. या खेपेला गोठामित्रानं राम कृष्ण हरी म्हटलं नाही. त्यानं लिहिलं, 'गाय अडली आहे. तातडीचं. डॉक्टरांना कळवत आहे.' सरांनी खुर्चीला पाठ टेकवली आणि दिवसभराचा श्वास एकदम सोडला.

निघता निघता अण्णारावांचा आणखी एक मेसेज आला. लांबलचक. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, सगळं जसंच्या तसं. मंजुश्री दारातून परत आली, खुर्चीत बसली, आणि या वेळी वरपासून एकेक ओळ वाचत खाली गेली. विणेकरी झाले, चोपदार झाले, समस्त गावकरी मंडळी झाली. खाली लिहिलं होतं :

'कालवड हाय नाव मंजुश्री ठेवलं केवळा म्हनती राग यायचा न्हाई ना'