नवरीचा चष्मा

"काढ तो चष्मा आधी! चष्म्यातली नवरी पाहिलीय का कुणी?"

नवरदेवाची थोरली बहीण लताबाई विहाराच्या मागच्या खोलीत कडाडली आणि विमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्या बहिणीचं, चांगुणाचं लग्न. बाहेर पाहुणे खोळंबलेले आणि ही बया चष्म्यावर घसरली!

घोळ हिनेच घातलेला. हौसेनं ओळखीची मेकअपवाली आणली. त्या बाईनं भिंतीला गिलावा करावा तसं चांगुणाच्या तोंडाला क्रीम थापलं. चष्मा टेकतो तिथलं क्रीम उखडून निघालं, नाकावर दोन खड्डे पडले, चष्मा ओठापर्यंत घसरायला लागला. वर काजळ भसाभसा. चांगुणाच्या चष्म्याचा नंबर उणे सहा. तसल्या काचांमागं डोळे मुळात बारीक दिसतात. काजळानं तर त्यांचे मिरे झाले. आणि दोष कुणाचा? चष्म्याचा!

"ताई, मला दिसायला पाहिजे गं," चांगुणा रडवेली झाली.

विमलला स्वतःचं लग्न आठवलं. बारा वर्षांपूर्वी तिचाही चष्मा असाच काढून घेतला होता. दादा, म्हणजे वडील, खूप रडले म्हणे. तिला दिसला फक्त पांढऱ्या सदऱ्याचा ठिपका.

"लताबाई, चष्मा राहील. बाजूला व्हा."

नाशिकरोडला विमलचं स्वतःचं पार्लर होतं. ओल्या कापसानं तिनं नाकाच्या बाजूंचं क्रीम साफ पुसलं, तिथं नुसती पावडर दाबून बसवली आणि उरलेली झटकून टाकली. चष्म्याचे नाकावरचे टेकू धुऊन कोरडे केले. डोळ्यांतलं काजळ काढलं. वरच्या पापणीला फिकट, किंचित चमकदार रंग लावला आणि पापणीच्या केसांलगत एक बारीक रेघ बाहेरच्या कोपऱ्याकडे जाड करत नेली. मस्कारा मुळाशीच ठेवला. टोकं भरली की काचेला काळं लागतं. शेवटी चष्मा समोरून अलगद बसवला. काचांमागून चांगुणाचे डोळे एकदम उघडून वर आले.

"फोटोत काच चमकेल त्याचं काय?" लताबाईचं तुणतुणं चालूच.

"हनुवटी जराशी खाली घेईल ती. लग्न तिचं आहे, फोटोवाल्याचं नाही!"

लताबाईनं नाक मुरडलं.

त्रिशरण-पंचशील झालं, हार पडले. पांढऱ्या साडीतली चांगुणा मान वळवून कुणाला तरी शोधत होती. मग थबकली आणि मंचावरूनच ओरडली, "दादा, नका ना रडू!"

सारा मंडप खांबाकडे वळला. विमलनंही आपला चष्मा पुसून पाहिलं. पुंजारामदादा खालचा ओठ दातांखाली धरून मुसमुसत होते, लहान पोरासारखे.

आपले दादा असे रडतात, हे विमलला आज कळलं.