आठ सूत सावली

ऑफिसात तिला सगळे सावलीबाई म्हणत. तिने ते नाव कधी मनावर घेतलं नाही, कारण ते काही खोटं नव्हतं. साहेब इमारत आखत, ड्राफ्ट्समन सपाट रंग भरून एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं समोरचं चित्र, तयार करी, आणि मग ते तिच्या टेबलावर येई. भिंत पिवळट, दारं तपकिरी, छज्जा राखाडी. सगळं कसं इस्त्री केल्यासारखं सपाट. त्यात जीव ओतायचं काम तिचं. इमारत समोरूनच दिसायची, रेष इकडची तिकडे हलवायची नाही. उन्हाची दिशा ठरलेली: वर डावीकडून, पंचेचाळीस अंशांनी. छज्जा भिंतीच्या जेवढा पुढे, तेवढीच त्याची सावली खाली आणि तेवढीच उजवीकडे. खिडकीची काच भिंतीपासून नऊ इंच आत असेल तर काचेवर तीच सावली आणखी नऊ इंच खाली उतरायची. सावलीवर कडेला किंचित निळसर झाक, जमिनीजवळ थोडा परतलेला उजेड. एवढं नीट जमलं की कागदावरची भिंत पुढे-मागे सरकायला लागते.

हे तिला शिकवलं होतं गुरुजींनी. तंत्रशाळेत ते रेखाटन शिकवत. आता निवृत्त होते. वर्गात त्यांची एकच टकळी असे. "समोरून बघितलं की छज्जा किती पुढे आलाय हे रेषेला सांगता येत नाही. ते फक्त सावली सांगते. म्हणून रेष चुकली तर माफ करीन, सावली चुकली तर नाही."

वृद्धाश्रमाचं काम आलं तेव्हा समितीच्या यादीत गुरुजींचं नाव बघून तिला आनंदच झाला. नवं घर बांधून झालं की गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तिथेच राहायला जाणार होते. काकूंचा अर्धा देह लुळा पडला होता, त्या चाकाच्या खुर्चीत असत. खोल्यांपुढे लांब ओटा होता आणि त्यावर चार फुटांचा छज्जा. खुर्ची साडेतीन फूट लांब. दाराबाहेर आणली की ऊन-पाऊस न लागता आरामात मावेल, असा हिशोब.

मग इंजिनिअर म्हणाला, एवढ्या छज्ज्याला तुळया जाड कराव्या लागतील, खर्च वाढेल. साहेबांनी सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदात, छज्जा दीड फुटावर आणला. समोरून काहीच बदललं नाही. छज्ज्याची पट्टी होती त्याच जाडीची राहिली.

सावलीबाईने नव्या मापाने सावली टाकली. सगळी इमारत तोंड पाडून उभी राहिल्यासारखी दिसू लागली. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय टक्कल दिसतंय! जुनीच सावली राहू दे."

"पण साहेब, छज्जा आता दीड फुटाचा आहे."

"रेष बदललीय का? नाही ना? मग चित्रात खोटं काय आहे? लोकांना चित्र बघायचंय, मोजायचं थोडंच आहे."

तिने कॉम्प्युटरवर नव्या सावलीचा थर बंद केला आणि जुना उघडला. एका बोटाचं काम. साहेबांनी तिचा हात धरला नव्हता. पुढे कितीही वेळा आठवलं तरी तिला त्यात स्वतःचंच बोट दिसायचं.

समितीची बैठक आश्रमाच्या जुन्या जेवणघरात होती. साहेबांनी चित्र फळ्याला टाचलं आणि सगळ्यांच्या तोंडून "वा" निघालं. एका सभासदाने विचारलं, "छेद वगैरे काही बघायचा असतो ना? सेक्शन का काय?"

साहेबांनी फायलीत हात घातला, पण त्याआधीच गुरुजी उठले. खिशातून लाकडी पट्टी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि छज्ज्याखालच्या सावलीला पट्टी लावली.

"आठ सूत. एक इंच. एका इंचाला चार फूट, म्हणजे छज्जा चार फूट." ते सगळ्यांकडे वळले. "सेक्शनची गरज नाही. ही माझी विद्यार्थिनी आहे. हिची सावली म्हणजे मोजमाप."

लोक हसले. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब फाईल बंद करत होते. आता बोलावं, असं तिला वाटलं, तोंड उघडलंही. तेवढ्यात गुरुजींनी सही केली आणि पेन पुढच्याला दिलं. ती पाण्याचा ग्लास उचलून पाणी प्यायली. पाच सह्या झाल्या.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. घरी कपडे वाळत घालताना दोरीची सावली भिंतीवर दिसली आणि तिने मान फिरवली. चांगलं काम म्हणून साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा तर तिला स्वतःची किळस आली. तिसऱ्या दिवशी ती लवकर ऑफिसात गेली, खरा थर उघडला, त्याच मापात प्रिंट काढली आणि साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: "गुरुजींकडे जाते आहे. दीड फूट सांगायला."

गुरुजी काकूंना भात भरवत होते. तिने कागद पुढे केला. त्यांनी हात पुसले, पट्टी काढली.

"तीन सूत," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा लावून बघितली. "दीड फूट."

"हो सर. तेव्हाही दीडच होता. मला माहीत होतं."

तिला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूंच्या खुर्चीकडे पाहिलं, पाय ठेवायची फळी ते मागचं चाक असं नजरेने मोजलं.

"गुडघे उन्हात राहतील हिचे," ते म्हणाले. आणि कागदाची घडी घालत, "दुसऱ्या कुणाचं चित्र असतं ना पोरी, तर मी आधी सेक्शन मागितला असता."

काकूंना सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी चांगला हात उचलून तिला बस म्हणून खूण केली. ती बसली आणि ढसाढसा रडली. गुरुजींनी तिला रडू दिलं, समजूत घातली नाही.

समिती पुन्हा बोलावली गेली. साहेब आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलले, पण दर्शनी भिंतीवरचा शोभेचा दगड काढून वाचलेल्या पैशात त्यांनी तुळया जाड केल्या आणि छज्जा परत चार फुटांवर नेला. चित्र पुन्हा तिच्याच टेबलावर आलं. दगड गेला, साधा गिलावा आला. सावली मात्र आठ सूत. या वेळी तिने ती सेक्शनवरून तीनदा मोजली. काचेवर नऊ इंच खाली उतरवली, डाव्या टोकाची तिरकी कडही तपासली. केसभर चूक नव्हती.

जेवणघरात तिने चित्र स्वतः फळ्याला टाचलं. गुरुजी उठले. पट्टी खिशातच होती, तिचं टोक बाहेर दिसत होतं. ते चित्रासमोर उभे राहिले, छज्ज्याखालची सावली त्यांनी नीट बघितली.

"छान झालंय," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. "सेक्शन दे."

तिने तो दिला.