दहा फुटांची वाट

चौकातलं पथनाट्य सुरू होता होता थांबलं होतं. ढोलकीवाल्याचा हात ढोलकीच्या वर अधांतरी थांबला होता आणि सतरंजीवरची मुलंदेखील चिडीचूप झाली होती. चुन्याने आखलेल्या रिंगणाच्या मधोमध फौजदार परवानगीचा कागद वाचत उभे होते. दिग्दर्शिका पुढे झाली.

"नाटकाचा विषय काय म्हणालात?"

"रुग्णवाहिकेला वाट द्या, साहेब."

"मग ही दवाखान्याची गल्ली कोणी बुजवली?"

साऱ्या माना वळल्या. गल्लीच्या तोंडावर खुर्च्यांची सुबक ओळ होती आणि मागे माणसांची भिंत. तालमी झाल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये. तिथे गल्ली कुठली? प्रेक्षक चहूबाजूंनी हवेत हा हट्ट तिचाच. आणि 'गल्लीपुढे दहा फूट जागा मोकळी ठेवावी' ही परवानगीतली अटही मंडळींना तिनेच मोठ्याने वाचून दाखवली होती.

"वाट मोकळी करा, नाहीतर परवानगी रद्द."

गल्लीच्या अगदी तोंडाशी, पहिल्या खुर्चीत तिचे वडील बसले होते. अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवशी त्यांची रुग्णवाहिका याच चौकात अडकली होती. जीव वाचला, डावा हात मात्र मांडीवर निजून राहिला. तेव्हापासून तिच्या मनात हे नाटक शिजत होतं, आणि ते त्यांना इथेच दाखवायचं होतं.

"पोरी," बाबा म्हणाले, "मला पुन्हा इथेच अडकवलंस की गं!"

आणि ते खो खो हसत सुटले. मग चौकाला हसू आवरेना.

"रिंगण मोडा!" ती ओरडली. "निम्मे इकडे, निम्मे तिकडे! मधली वाट हाच आपला रंगमंच!"

एकच धांदल उडाली. खुर्च्या डोक्यावरून निघाल्या. मुलांनी सतरंजी ओढली ती तिच्यावर बसलेल्या मावशींसकट.

"अरे मेल्यांनो, मी सामान आहे का?" मावशी ओरडल्या, पण सतरंजीवरून उतरल्या नाहीत.

"ताई, माझ्या एन्ट्रीचं काय?" रुग्णवाहिका झालेला लंबू काकुळतीला आला.

"गल्लीतून ये. खरी येते तशी!"

ढोलकी कडाडली. पांढरी चादर पांघरून, तोंडाने भोंगा वाजवत लंबू गल्लीतून सुसाट निघाला. दोन्हीकडच्या लोकांनी आपणहून पाय आखडून घेतले. दिग्दर्शिकेला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर तरंगतो आहोत.

इतक्यात लंबू करकचून थांबला. वाटेच्या ऐन मध्यावर, इतका वेळ गर्दीत झाकलेली एक मोटारसायकल स्टँडवर उभी होती.

"गाडी कोणाची?" लंबू.

"गाडी कोणाची?" ढोलकीच्या ठेक्यावर सारा चौक.

कोणाची ते तिने ओळखलं. हसू दातांखाली दाबत ती फौजदारांकडे वळली.

"साहेब, मग परवानगी आहे ना?"

फौजदारांनी कागदाची घडी खिशात घातली, टोपी नीट केली, आणि किल्ली चाचपत ते मोटारसायकलकडे चालू लागले.