कार्डावर मारलेला पांढरा हात

थोरलीच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा रडायला येणारेच जास्त. कुणाचा फोन पाण्यात पडलेला, कुणाचं कार्ड बिघडलेलं, आणि आत नेमके लग्नाचे नाहीतर बाळाचे फोटो. थोरली प्रत्येकाला आधी एकच विचारायची, "बिघडल्यावर पहिलं काय केलंत?" आणि उत्तर ऐकताना तिच्या कपाळावरची शीर उडायची. कुणी फोन तांदळाच्या डब्यात पुरलेला, कुणी हेअर ड्रायरने भाजून काढलेला, आणि झाडून सगळ्यांनी एकदा चार्जरला लावून पाहिलेला.

"भिजलेला फोन बंद करायचा, बंदच ठेवायचा आणि इकडे घेऊन यायचं," ती म्हणायची. "चालू होतोय का, हे बघायला कुणी सांगितलं होतं? पाण्याने वाचवलेलं तुम्ही वीज सोडून जाळता. आणि तांदूळ भात करायला असतात."

लोक मान खाली घालायचे, कारण दुसरीकडे जायची सोय नव्हती. थोरलीला माणसांचा राग येई तो अज्ञानाचा नव्हे, लुडबुडीचा. काही न करता गप्प बसणं ही एवढी साधी गोष्ट, पण जगात कुणालाच जमत नाही असं तिचं ठाम मत होतं. या मताला तिच्या घरातच पुरावा होता. तो म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. घड्याळांचं दुकान चालवायचा आणि बाकी साऱ्या विषयांवर बोलायचा. थोरलीने त्याचं नाव सर्वज्ञ ठेवलं होतं.

त्या दिवशी सर्वज्ञ स्टुडिओत आला तेव्हा मागे धाकटी होती, डोळे सुजलेले. सर्वज्ञाच्या चेहऱ्यावर मात्र ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरचा भाव होता.

"ताई, कार्ड जरा रुसलंय," त्याने कॅमेऱ्याचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "नव्वद टक्के काम मी केलंय. राहिलेलं तुम्ही बघा."

कार्डात कसले फोटो आहेत हे थोरलीला विचारावं लागलं नाही. दोघी बहिणींचे बाबा पेंटर. बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या जन्मभर त्यांनी रंगवल्या. आता हात कापतो, आणि पाट्या छापून येतात. जुन्या बाजाराचा रस्ता रुंद करायचा ठरल्यावर बाबांनी मुलींकडे एकच मागणं केलं होतं, "पाडायच्या आधी माझ्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा. केशकर्तनालयाची पहिली काढा, ती माझी पहिली." धाकटीने आदल्या दिवशी सकाळी जाऊन सगळ्या टिपल्या होत्या, वडिलांच्या सांगण्याप्रमाणे केशकर्तनालयापासून सुरुवात करून. त्याच दुपारी यंत्रं आली. आता तिथे दुकानं नव्हती, पाट्याही नव्हत्या.

"पहिलं काय केलंत?" थोरलीने विचारलं.

"कार्ड कॉम्प्युटरला लावलं होतं. कॉपी फार सावकाश होत होती, म्हणून काढून परत लावलं."

"चालू असताना उपसलं."

"हो, पण अलगद. मग कॉम्प्युटर म्हणाला, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? आता विचारतोय म्हणजे त्याला कळत असणार. मी हो म्हटलं."

धाकटी भिंतीकडे बघत उभी राहिली. थोरलीने खुर्ची ओढून घेतली. फॉरमॅटपर्यंत ठीक होतं, तेवढ्याने जीव जात नाही. कार्डातले फोटो लगेच पुसले जात नाहीत, कुठला फोटो कुठे आहे ती खूण फक्त जाते. "मग?"

"मग कार्ड चालतंय का ते बघायला नको? कॅमेऱ्यात घालून आठ-दहा फोटो काढले. एकदम स्वच्छ आले," सर्वज्ञ समाधानाने म्हणाला. "त्यानंतर इंटरनेटवरून फोटो परत आणायचा प्रोग्रॅम घेतला. बरेचसे आले की!"

"आलेले फोटो ठेवलेत कुठे?"

"कार्डावरच. सगळं एका जागी राहिलेलं बरं."

थोरली हसली. तिचं ते हसणं ओळखणारी धाकटी दोन पावलं मागे सरली.

"म्हणजे विहिरीत पडलेली भांडी तुम्ही वर काढलीत आणि परत विहिरीतच टाकलीत. तीही खालच्या भांड्यांवर. घड्याळ बंद पडलं की तुम्ही आधी हातोडा घेता का हो?"

"ताई, मदतच करत होतो मी."

"तेच तर. शत्रू इतका राबला नसता."

तिने कार्डाच्या कडेची बारीक कळ सरकवून ते कुलूपबंद केलं, म्हणजे त्यावर आता कुणाला काही लिहिता येणार नव्हतं. मग अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि मूळ कार्ड पाकिटात घालून खणात ठेवलं. पुढचं सगळं काम त्या नकलेवर. सर्वज्ञ मध्येच "ते बटण दाबून बघा ना" म्हणाला, तेव्हा धाकटीने त्याला हात धरून बाहेर नेलं.

पाट्या परत यायला लागल्या. किराणा, शिंपी, सायकलवाला, दवाखाना. काही अर्ध्याच होत्या, वर अक्षरं आणि खाली नुसता करडा पट्टा. काही आल्याच नाहीत, आणि त्यांत केशकर्तनालय होतं. थोरलीने उलटसुलट सगळं चाळलं, तिला कारण माहीत होतं तरीही. फॉरमॅट केलेलं कार्ड पुन्हा पहिल्या जागेपासून भरायला लागतं, आणि पहिल्या जागेवर बाबांची पहिली पाटी होती. तिथे आता सर्वज्ञ होता. खालून काढलेला, नाकपुड्यांसकट, मागे छताचा पंखा. एकदम स्वच्छ आला होता. थोरली बराच वेळ त्या नाकाकडे बघत बसली आणि मग तिला रडू आलं.

बाबांना तिने फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कळलं. जुनी पाटी आम्ही पुसत नाही. वर पांढऱ्या रंगाचा हात मारतो. तो मारेपर्यंत खालचं वाचता येतं." नंतर त्यांनी हवापाण्याचं विचारलं.

वाचलेल्या फोटोंचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये भरलं. सर्वज्ञ दारातच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "कार्ड गेल्यातच जमा होतं. मी वेळीच हालचाल केली म्हणून." मग तो आत आला. रांगेतली पहिली चौकट त्याची होती. इतर पाट्यांच्याच मापाची, तशीच फ्रेम केलेली, नाकपुड्या आणि पंखा. खाली थोरलीने लिहिलं होतं, 'केशकर्तनालय'.

लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. थोरलीने याच घटकेची वाट पाहिली होती, आणि ती तिला गोडही लागत होती, बाबा येईपर्यंत. ते काठी टेकत आले आणि सगळ्या पाट्या सोडून पहिल्या चौकटीसमोरच उभे राहिले. खालचं नाव त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. चेहरा काचेजवळ नेऊन, एखाद्या शिकाऊ माणसाचं काम तपासावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हात चांगला बसलाय. खालचं काहीच दिसत नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. कामाबद्दल ते नेहमी खरंच बोलत.

बाबांनी बोट वर केलं. फोटोतल्या सर्वज्ञाच्या कपाळाच्या जरा वर, काचेला न लावता, त्यांनी आधी आडवी रेघ ओढली, मग तिच्याखाली 'क'चा गोल घेतला आणि वर मात्रा दिली. पुढच्या अक्षराशी ते अडले. "इथे सोनेरी होतं की लाल?" त्यांनी थोरलीला विचारलं.

थोरलीला माहीत नव्हतं. धाकटीलाही आठवेना. त्या पाटीखालून त्या दोघी शाळेत जाताना रोज गेल्या होत्या.

थोरलीने पुढे होऊन ती चौकट भिंतीवरून उतरवली आणि पालथी करून टेबलावर ठेवली. बाबा तिथेच उभे राहिले, मोकळ्या खिळ्यासमोर, रंग आठवत.