धर्मेंद्रच्या सहा ओळी

लग्नाला बारा दिवस उरले असताना धर्मेंद्रने आकांक्षाला मेसेज पाठवला. ‘हे बोलणार आहो. कसं वाटलं?’ खाली लांबलचक मजकूर होता.

लग्न अकोल्याला होणार होतं, बौद्ध पद्धतीनं. बौद्धाचार्य सांगतील त्या प्रतिज्ञा दोघं म्हणतीलच, पण त्यानंतर दोघांनी चार ओळी स्वतःच्याही बोलाव्यात ही आकांक्षाची इच्छा. ती अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. धर्मेंद्र अमरावतीत एक्स-रे टेक्निशियन. चार माणसं जमली की त्याची जीभ अडकायची. तरी तो हो म्हणाला होता.

तिने मजकूर वाचला. ‘आकांक्षा, तू माझ्या आयुष्यातली पौर्णिमा आहेस. तुझ्या लांबसडक केसांच्या सावलीत मी सातही जन्म काढीन.’

आकांक्षाचा हात आपोआप मानेकडे गेला. कॉलेजात असल्यापासून तिचे केस मानेपर्यंतच होते. आणि सात जन्म? धर्मेंद्रच्या बौद्ध घरात पुनर्जन्म मानत नव्हते, एका जन्मापुरतंच बोलत.

तिने तो मजकूर थोरल्या बहिणीला, संध्याला दाखवला. संध्या दोनच ओळी वाचून थांबली.

“बार्शीटाकळीच्या लग्नात नवरदेव हेच बोलला होता. माह्या मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे, थांब.”

व्हिडिओत दुसराच नवरदेव दुसऱ्याच नवरीला पौर्णिमा म्हणत होता. त्या नवरीचे केस मात्र खरंच लांब होते.

“कोणाकडून तरी घेतलं त्यानं,” संध्या म्हणाली. “पण मंग आठ महिने तुले मेसेज कोण लिहून राहिलं?”

संध्या गंमतीनं म्हणाली असेल, पण आकांक्षाच्या डोक्यात ते रुतलं. समोर बसल्यावर दोन वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस मेसेजमध्ये मोकळा व्हायचा. कोणत्या पेशंटनं काय विचारलं, आईनं कोणती भाजी जाळली, सगळं लिहायचा. त्या मेसेजांसाठीच तर ती या लग्नाला मनापासून तयार झाली होती. आता तिला एकेक मेसेज दुसऱ्याच कोणाच्या हातचा वाटू लागला.

तिने त्याला विचारलं नाही. त्याच्या बहिणीला, माधवीला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलत विचारलं, “आजकाल संध्याकाळी काय करतात हो ते?”

“कामावरून उशिरा येतो. विचारलं तर सांगत नाई,” माधवी म्हणाली आणि घाईघाईनं साड्यांचा विषय काढला.

शनिवारी आकांक्षा कोणाला न सांगता अमरावतीच्या बसमध्ये बसली.

एक्स-रे सेंटरमध्ये गर्दी होती. आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला, स्पष्ट, एकदाही न अडकलेला. “श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.” ती बाकावर बसून ऐकत राहिली. पुढचा पेशंट, पुन्हा तेच. मग न बोलता येण्याचं तेही नाटकच होतं का?

धर्मेंद्र बाहेर आला आणि तिला बघून जागीच थांबला.

“तू? इथं?”

“तुमचा आवाज ऐकायला आली. चांगला चालते की!”

तो तिला मागच्या रिकाम्या खोलीत घेऊन गेला. तिने मोबाईल समोर धरून तो व्हिडिओ लावला. बघता बघता त्याचे कान लाल झाले.

“लग्नाच्या हॉलवर माइकवर बोलते ना, त्या अँकरनं दिलं होतं,” तो म्हणाला. “म्हणाला, खास तुमच्यासाठी लिहिलं.”

“अन् माहं नाव तेवढं टाकलं. मेसेज कोण लिहिते?”

“मेसेज?” त्याला प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो खुर्चीवर बसला. “म... मीच. दुसरं कोण लिहीन?”

“अन् आत ते एवढं सरळ बोलता ते?”

“आत एकच माणूस असते. अन् तीच तीन वाक्यं, नऊ वर्षांपासून.”

तिचा चेहरा तसाच होता. मग त्याने ड्रॉवरमधून एक्स-रेचं जुनं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं होतं. “सुटी झाल्यावर इथंच बसून लिहीत होतो. जमलं नाई. लयच साधं झालं. एवढ्या लोकांत हे वाचलं तर हसतील म्हणून अँकरले विचारलं.”

आकांक्षाने पाकीट उजेडात धरलं. ‘तुझि’, ‘माझि’. या दोन शब्दांची वेलांटी दरवेळी ऱ्हस्व. मेसेजमध्ये आठ महिने हीच चूक होती, तिने मनातल्या मनात शंभरदा दुरुस्त केलेली. अँकरच्या मजकुरात एकही चूक नव्हती.

आणि मध्येच एक ओळ होती, न खोडलेली. ‘पाहायला आलो तेव्हा माझ्या वतीनं सगळे बोलत होते. तू म्हणाली, त्यांनाच बोलू द्या, मी थांबते.’

असं म्हटल्याचं तिला स्वतःला आठवत नव्हतं.

“हे काहून नाई पाठवलं?”

“हे कोणी भाषणात बोलते का?”

“भाषण कोणी मागितलं?” ती खुर्ची ओढून बसली. “पेन द्या.”

‘तू खूप चांगली आहेस’ तिने खोडायला लावलं. ते कोणालाही म्हणता येतं. ‘तुला कायम सुखी ठेवीन’ यावर मात्र दोघांत वाद झाला.

“मंग वचन काय देऊ?”

“कायमचं राहू द्या. लग्न झाल्यावर पयल्या सोमवारी जे कराल ते लिहा.”

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तो सोमवार शोधला. मग म्हणाला, “तू अकोल्याची नोकरी सोडणार नाईस. संध्याकाळी बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीतून उतरशील. मी घ्यायला येईन. ड्युटी असली तर येता येणार नाई.”

“तेही लिहा.”

‘प्रत्येक’ शब्दावर तो दरवेळी अडकत होता. तिथे ‘रोज’ टाकलं. लांब वाक्यं श्वासाच्या जागी तोडली. शेवटी सहा ओळी उरल्या. त्या त्याने जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिल्या, दोन ओळींत बोटभर जागा सोडून. उभं राहून मोठ्यानं वाचल्या तर एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

“अन् मधातच अडलो तर?”

“कार्ड माह्या हातात द्या. मी वाचीन. लोकांकडं पाहू नका, माह्याकडं पाहा.”

परतीच्या बसमध्ये तिने स्वतःचा कागद काढला. ‘सुखदुःखात साथ देईन.’ हे तर व्हिडिओतली नवरीही बोलली होती. तिने तो फाडला.

लग्नाच्या दिवशी प्रतिज्ञा आटोपल्यावर बौद्धाचार्य देवमन गुरुजींनी घड्याळाकडे बघत माइक पुढे केला. धर्मेंद्र तिच्याकडे वळला. त्याने कार्ड समोर धरलं.

“आकांक्षा, मले लोकांत बोलता येत नाई.

“पाहायला आलो तेव्हा माझ्या वतीनं सगळे बोलत होते.

“तू म्हणाली, त्यांनाच बोलू द्या, मी थांबते.

“मले राग आला की मी गप्प बसतो. काहून बसलो, ते त्याच दिवशी जेवायच्या आधी तुले सांगीन.”

“रोज संध्याकाळी ब... ब...” इथे तो अडला. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. त्याने ओठ मिटले, कार्डावर बोट ठेवलं आणि तेच वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

“रोज संध्याकाळी बडनेऱ्याले तुले घ्यायला येईन.

“ज्या दिवशी जमणार नाई, त्या दिवशी सकाळीच सांगीन.”

मागच्या रांगेतून धर्मेंद्रच्या आत्या गोदाबाई मोठ्यानं म्हणाल्या, “बस, एवढंच?” लोक हसले. धर्मेंद्रही हसला आणि त्याने माइक आकांक्षाकडे दिला.

तिच्या हातात कागद नव्हता. तीनच वाक्यं होती.

“मले शंका लवकर येते. बारा दिवसांआधीही आली होती, अन् मी तुमाले सोडून दोघींले विचारलं. आता आली तर पयले तुमालेच विचारीन.”

संध्याने मान खाली घातली. धर्मेंद्रने कार्ड कुर्त्याच्या खिशात ठेवलं. गुरुजींनी हारांचं तबक पुढे करायला सांगितलं.